पुठ्ठ्याच्या खोक्यातली सूर्यचूल

पाचवी ते सातवीच्या मुलांना सूर्यचुलीचे आव्हान दिले जाते तेव्हा प्रत्येक गटाच्या वाट्याला येणारे सामान अगदी थोडे असते. एकात एक बसतील असे पुठ्ठ्याचे दोन खोके, पोळ्या गुंडाळतात तो अॅल्युमिनियम फॉइलचा एक तुकडा, जुनी वर्तमानपत्रे, पारदर्शक प्लास्टिकचा कागद, मैद्याची खळ, पत्र्याचा एक छोटा झाकणाचा डबा आणि त्यात मोजून घेतलेले २०० मिलिलिटर पाणी. कोणताही विस्तव न वापरता हे पाणी उन्हावर दीड तासात जास्तीत जास्त तापवून दाखवायचे. चार मुलांच्या गटाला खोका तयार करायला एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे खोके मैदानात एका ओळीत मांडून तापमानाच्या नोंदी घेतल्या जातात.

अशी स्पर्धा पुष्कळदा ‘कोणाचे चॉकलेट आधी वितळले’ एवढ्यावर संपते. मुलांना मजा येते, पण चॉकलेट ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि महाराष्ट्रात फेब्रुवारीच्या दुपारी ते खोक्याबाहेर नुसत्या उन्हातही वितळेल. त्यात खोक्याचे कर्तृत्व किती आणि उन्हाचे किती, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून या आव्हानात एक डबा कोणत्याही गटाचा नसावा. तेवढेच पाणी भरलेला, तसाच काळा डबा खोक्याशिवाय उन्हात ठेवायचा. त्याला ‘तुलनेचा डबा’ म्हणता येईल. गटाचे गुण ठरतात ते या डब्यापेक्षा आपले पाणी किती अंश जास्त तापले यावर. एवढ्या एका डब्याने खेळाचा प्रयोग होतो.

उन्हाने तापणारी पेटी ही कल्पना अडीचशे वर्षांहून जुनी आहे. जिनिव्हातले शास्त्रज्ञ होरेस बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७६७ साली काचेच्या पाच पेट्या एकात एक ठेवून त्या उन्हात मांडल्या. सर्वांत आतल्या पेटीत तापमान ८७ अंशांच्या वर गेले आणि तिथे ठेवलेली फळे शिजली. पुढे त्यांनी सुधारलेली पेटी डोंगरमाथ्यावर नेली. तिथली हवा पायथ्यापेक्षा कितीतरी थंड होती, तरी पेटीच्या आत तापमान जवळजवळ तेवढेच भरले. पेटी बाहेरच्या गरम हवेने तापत नाही, उन्हाने तापते, हे त्यातून दिसले. आपल्याकडची गोष्ट त्यानंतर शंभर वर्षांनी घडली. मुंबईच्या उच्च न्यायालयात काम करणारे विल्यम अॅडम्स यांनी आठ आरशांची सूर्यचूल बनवली आणि १८७८ साली त्यावर पुस्तक लिहिले. जानेवारीतल्या मुंबईच्या उन्हात सात शिपायांचे जेवण तिच्यावर दोन तासांत शिजते, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे. मुलांच्या हातातला खोका हा या दोन्ही चुलींचा गरीब पण थेट वारस आहे. सोस्यूरची बंद पेटी आणि अॅडम्सचे आरसे, दोन्ही त्यात आहेत.

बांधणीला सुरुवात होते ती आतल्या खोक्यापासून. त्याचे तोंड साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि तेवढेच रुंद असावे, आणि खोली डब्यापेक्षा दोन-तीन बोटेच जास्त असावी. खोका उगाच खोल असला की त्याच्याच भिंतीची सावली डब्यावर पडते. आतल्या चारही बाजूंना फॉइल चिकटवायचे आणि तळाला काळा कागद. फॉइलला एक बाजू चकचकीत आणि दुसरी किंचित फिकी असते. कोणती वर ठेवायची यावर गटागटांत वाद होतो, पण दोन्ही बाजू जवळजवळ सारखाच प्रकाश परतवतात, दहातले साधारण पावणेनऊ भाग. खरा फरक पडतो तो सुरकुत्यांनी. चुरगळलेले फॉइल प्रकाश परतवते, पण वाटेल त्या दिशेला, आणि त्यातला बराचसा डब्यावर न पडता आल्या वाटेने बाहेर जातो. खळ पातळ लावून फॉइलवरून वाटीचा गोल बूड हलक्या हाताने फिरवला तर ते सपाट बसते.

आता हा खोका मोठ्या खोक्यात बसवायचा. दोन्हींच्या मधल्या जागेत चारही बाजूंनी आणि खाली वर्तमानपत्राचे बोळे भरायचे. बोळे सैल हवेत. दाबून कोंबले की त्यांच्यात अडकलेली हवा निघून जाते, आणि उष्णता अडवण्याचे काम कागदापेक्षा ती अडकलेली हवाच जास्त करते. भाताचे तूस किंवा वाळलेले गवतही चालते. तोंडावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचे, आणि जमल्यास बोटभर अंतर सोडून त्यावर दुसरा थर द्यायचा. मोठ्या खोक्याचे एक झाकण कापून न टाकता उभे ठेवायचे आणि त्याच्या आतल्या अंगाला फॉइल लावायचे. हा चुलीचा आरसा. काडीच्या टेकूने त्याचा कोन कमी-जास्त करता आला पाहिजे.

पत्र्याचा डबा बाहेरून काळा करायचा. फळ्याला लावतात तो काळा रंग यासाठी उत्तम, पण तो आधी पूर्ण वाळू द्यावा. घरी चूल असेल तर तिच्या काजळीने माखलेले भांडेही तितकेच चांगले. इथे जवळजवळ प्रत्येक वर्गात एक गट चुकतो. चकचकीत खोका चांगला, तर चकचकीत डबा आणखी चांगला, असे मुलांना वाटते आणि ती डब्यालाही फॉइल गुंडाळतात. तसा खोका डोळे दिपवतो, पण पाणी जेमतेम कोमट होते. प्रकाश भिंतीवरून डब्यावर आला, डब्यावरून परत फिरला आणि निघून गेला. त्याची उष्णता झालीच नाही. प्रकाशाची उष्णता होते ती तो शोषला जातो तिथे, आणि काळा पृष्ठभाग तो सर्वांत जास्त शोषतो. फॉइलचे काम प्रकाशाला वाट दाखवण्याचे, काळ्या रंगाचे काम त्याला थांबवण्याचे. हे एका वाक्यात सांगण्यापेक्षा त्या गटाचा चकचकीत डबा अर्ध्या तासाने काळ्या डब्याशेजारी ठेवून दोन्हींतले तापमान मुलांनाच वाचू द्यावे.

प्लास्टिकच्या कागदाचे काम मात्र पुस्तकांत पुष्कळदा अर्धवट समजावले जाते. ऊन काचेतून आत येते, आतली तापलेली वस्तू जी अदृश्य अवरक्त किरणे सोडते ती काचेतून बाहेर जाऊ शकत नाहीत, म्हणून उष्णता अडकते, असे सांगतात. काचेपुरते ते खरे आहे, पण पिशव्यांचे साधे पॉलिथिन ही किरणे बऱ्याच प्रमाणात बाहेर जाऊ देते, आणि तरीही त्याने झाकलेला खोका चांगला तापतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९०९ साली याचा छडा लावला होता, आणि तोही पुठ्ठ्याच्याच खोक्यांनी. काळ्या पुठ्ठ्याचे दोन खोके घेऊन एकावर त्यांनी काच ठेवली आणि दुसऱ्यावर सैंधव मिठाची पारदर्शक चकती. सैंधवातून अवरक्त किरणे सहज पार होतात. तरी दोन्ही खोके जवळजवळ सारखेच, ५५ अंशांच्या आसपास तापले. अशा साध्या खोक्यात झाकणाचे मुख्य काम म्हणजे आतली गरम हवा वर उठून निघून जाऊ न देणे. मुलांना हे पटवायला सैंधव लागत नाही. एका खोक्याच्या प्लास्टिकला कडेला पेन्सिलीएवढी फट ठेवली तरी पुरे. प्रकाश तेवढाच आत येतो, पण पाणी मागे पडते. त्या फटीवर तळहाताची मागची बाजू धरली तर निघून जाणारी ऊब हाताला लागते.

आरशाचा कोन हा या आव्हानातला सर्वांत रंगतदार भाग, कारण इथे सूर्य आकाशात कुठे आहे हे मुलांना पहिल्यांदा नीट बघावे लागते. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, हा समज पुण्यात काठीच्या सावलीने मोडतो. भारतीय प्रमाणवेळ पुण्याच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखावृत्तावरून ठरते, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यात पुण्यात सूर्य सर्वांत उंच येतो तो पावणेएकनंतर. आणि तेव्हाही तो डोक्यावर नसतो, दक्षिणेला झुकलेला असतो. एक मीटरच्या उभ्या काठीची सावली त्या क्षणी साधारण ६० सेंटिमीटर भरते. सूर्य क्षितिजापासून सुमारे ५९ अंशांवर असल्याची ती खूण. दुपारी चारला तीच सावली दीड मीटर होते. तोवर ऊन तिरपे झालेले असते, खोक्याच्या तोंडावर ते कमी पडते, आणि मैदान मोकळे मिळाले म्हणून चारला सुरू केलेली स्पर्धा फसते. नोंदी साडेअकराला सुरू करून एकपर्यंत संपवणे सर्वांत चांगले.

खोक्याचे तोंड आकाशाकडे, आरसा उत्तरेच्या कडेला आणि त्याचे फॉइल दक्षिणेकडे, अशी मांडणी असते. आरसा जितका उंच तितकेच खोक्याचे तोंड लांब असेल, तर फेब्रुवारीच्या मध्यान्ही तो जवळजवळ उभा, सरळ रेषेपेक्षा जेमतेम दहा अंश मागे झुकलेला असावा. मे महिन्यात सूर्य खरोखर डोक्यावर येतो तेव्हा तोच आरसा तीस अंश मागे झुकवावा लागतो. मुलांना हे आकडे आधी सांगू नयेत. आरशातून परतलेल्या उन्हाचा उजळ पट्टा खोक्याच्या तोंडावर पडलेला त्यांना दिसतो. आरसा फार पुढे ओढला तर पट्टा अरुंद होतो, फार मागे टाकला तर पट्ट्याचा पुढचा भाग खोक्याबाहेर जमिनीवर पडतो. पट्टा काठोकाठ बसला की टेकू पक्का करायचा. असा एक आरसा खोक्यात येणारे ऊन साधारण दीडपट करतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून दर वीस मिनिटांनी पट्टा पुन्हा बघून खोका फिरवावा लागतो. हे काम गटातल्या एकाच मुलाकडे सोपवले तर विसरले जात नाही. मात्र त्याने खोक्याच्या दक्षिणेला उभे राहू नये, नाहीतर त्याची स्वतःची सावली खोक्यावर पडते.

आता नोंदी. दर दहा मिनिटांनी थर्मामीटर पाण्यात बुडवून आकडा लिहायचा. एका बऱ्यापैकी खोक्यातल्या नोंदी नमुन्यादाखल अशा धरू: सुरुवातीला २६ अंश, मग दर दहा मिनिटांनी ३४, ४१, ४७, ५२, ५६, ५९, ६१, ६२, आणि नव्वद मिनिटांनी पुन्हा ६२. आकडे पाहिल्यावर मुले पहिला प्रश्न हाच विचारतात की ऊन तेवढेच असताना पाणी तापायचे का थांबले? शेवटच्या दहा मिनिटांत काहीच झाले नाही का? सूर्यचुलीच्या आव्हानात शिकण्यासारखे सर्वांत मोलाचे जे आहे ते या प्रश्नातच आहे, आणि त्यासाठी वेळ राखून ठेवावा.

एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी उष्णता लागते. पहिल्या दहा मिनिटांत २०० ग्रॅम पाणी ८ अंशांनी तापले, म्हणजे पाण्याला १६०० कॅलरी मिळाल्या. पाचव्या दहा मिनिटांत ते ४ अंशांनीच तापले, म्हणजे ८०० कॅलरी. शेवटी शून्य. सूर्याने हात आखडता घेतला नव्हता. बदलले होते ते खोक्यातून बाहेर जाणाऱ्या उष्णतेचे प्रमाण. आतले तापमान बाहेरच्या हवेएवढे असते तेव्हा उष्णता बाहेर जातच नाही. आत-बाहेर फरक जितका वाढेल तितकी ती भिंतींतून, झाकणातून, फटींतून जास्त वेगाने निसटते. ६२ अंशांवर आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी झाली. बुडाला भोक असलेल्या बादलीत नळ सोडला तर पाणी एका उंचीपर्यंत चढून तिथेच थांबते, कारण पाण्याची उंची वाढते तसा भोकातून पडणारा झोतही जोर धरतो. मुलांनी हे दृश्य घरी पाहिलेले असते, आणि ही तुलना त्यांना लगेच पटते. बादली जास्त भरायची तर दोनच उपाय: नळ मोठा करायचा किंवा भोक बुजवायचे. खोक्यात आरसा म्हणजे मोठा नळ, आणि कागदाचे बोळे म्हणजे बुजवलेले भोक.

सहावी-सातवीच्या मुलांना आणखी एक पायरी चढता येते. फेब्रुवारीच्या निरभ्र मध्यान्ही आडव्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण ८०० वॉट ऊन पडते. आपल्या खोक्याचे तोंड चौरस मीटरच्या सोळाव्या भागाएवढे, म्हणजे त्यावर ५० वॉट, आणि आरशाने दीडपट केल्यावर सुमारे ७५. पाण्याला पहिल्या दहा मिनिटांत मिळालेल्या १६०० कॅलरींचा हिशेब केला तर तो ११ वॉट येतो. सात भागांतला जेमतेम एक भाग पाण्यापर्यंत पोहोचला. बाकीचा थोडा प्लास्टिकवरून परत गेला, थोडा फॉइलने शोषला, बराचसा खोका आणि आतली हवा तापवण्यात आणि गळतीत गेला. पुठ्ठ्याच्या चुलीसाठी हा आकडा वाईट नाही. मुलांना मात्र तो फार कमी वाटतो, आणि खोका सुधारायला तीच हवी तशी चिथावणी असते.

सुधारणेची फेरी दुसऱ्या आठवड्यात घ्यावी. तिचा नियम एवढाच, की प्रत्येक गटाने एकच गोष्ट बदलायची. कोणी प्लास्टिकचा दुसरा थर लावेल, कोणी बोळे काढून तूस भरेल, कोणी आरसा मोठा करेल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि पाणी पाच अंश जास्त तापले, तर श्रेय कोणाला द्यायचे हे सांगता येत नाही. त्या दिवशीचे ऊन आणि वारा पहिल्या दिवसासारखे नसतात, म्हणून तुलनेचा डबा याही वेळी हवाच.

पाणी अपेक्षेपेक्षा फारच कमी तापले तर कारण बहुधा डोळ्यांना दिसते. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले असतील तर डब्याचे झाकण सैल आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५५० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत सगळेच्या सगळे २०० ग्रॅम पाणी पावणेतीन अंशांनी तापले असते. शिवाय ते थेंब आत येणाऱ्या उन्हालाही अडवतात. खोक्याची बाहेरची बाजू हाताला चांगली कोमट लागली तर बोळे कमी किंवा फार दाबलेले आहेत. प्लास्टिक वाऱ्याने फडफडत असेल तर दर फडफडीला आतली गरम हवा बाहेर फेकली जाते. आणि आकडा अचानक पाच-दहा अंशांनी उडी मारत असेल तर चूक खोक्याची नसून वाचण्याची आहे. थर्मामीटरचा फुगा पाण्याबाहेर, थेट उन्हात धरलेला असतो, आणि तेव्हा तो पाण्याचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगतो.

थर्मामीटर प्रयोगशाळेतला, लाल द्रवाचा, निदान १०० अंशांपर्यंतचा हवा. ताप मोजण्याचा काचेचा थर्मामीटर ४२ अंशांच्या आसपास संपतो. तो गरम पाण्यात घातला तर फुटतो, आणि जुना असेल तर आत पारा असतो. शाळेत पुरेसे थर्मामीटर नसतील तर वितळणाऱ्या वस्तूंची शिडी करता येते. काळ्या कागदावर छोट्या झाकणांत थिजलेले खोबरेल, साजूक तूप, चॉकलेट आणि मेणबत्तीचा तुकडा ठेवायचा. खोबरेल २४-२५ अंशांना पातळ होते, म्हणून ते थंडीतल्या सकाळीच बाटलीत गोठलेले मिळते. तूप आणि चॉकलेट तिशीत वितळतात. मेणाला ५० ते ६० अंश लागतात, आणि ते वितळले की खोका खरोखर चांगला आहे हे थर्मामीटरशिवाय कळते.

दोन गोष्टींत मात्र मुलांवर भिस्त ठेवू नये. पहिली डोळ्यांची. आरशातल्या उन्हाकडे थेट बघायचे नाही, आणि टेकू लावताना खोका उन्हाकडे पाठ करून फिरवून घ्यायचा. दुसरी पोटाची. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, आणि पुठ्ठ्याच्या पहिल्या खोक्यातले तापमान तासन्‌तास याच पट्ट्यात रेंगाळते. म्हणून अंडी, मांस, दूध किंवा शिळा भात या चुलीत गरम करून खायला देऊ नये. पाणी ७० अंशांच्या वर टिकून राहते असे दोन दिवसांच्या नोंदींत दिसले, तर धुतलेल्या तांदळाची एक छोटी वाटी, दुप्पट पाणी आणि दोन तास एवढ्यावर मऊ भात होतो. तोवर या चुलीतून बाहेर काढून खाण्याजोगी वस्तू म्हणजे बिस्किटावर वितळलेले चॉकलेट.

महाराष्ट्रात या आव्हानासाठी सर्वांत चांगला काळ जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा. आकाश निरभ्र असते, ऊन पुरेसे कडक असते आणि मुलांना दीड तास मैदानात राहणे अजून सोसवते. जून ते सप्टेंबर ढगांमुळे प्रयोग अर्ध्यावर तुटतो. त्या महिन्यांत खोके जमवून ठेवावेत आणि फॉइल सपाट चिकटवण्याचा सराव करून घ्यावा.